नकाशावरचं लाल टिंब

> "एआयने काढलेली दृश्यं दाखवून खरंच कोणाला घराचं काम मिळालंय का?"

मिळालंय, आमच्या ऑफिसातल्या ज्युनिअर आर्किटेक्टला. घर जेमतेम ५५ चौरस मीटरचं. आधी तिने एआय टूलमध्ये नुसतं वर्णन टाइप केलं, तर ३ मीटर रुंदीची खोली हॉलएवढी दिसायला लागली आणि दुसऱ्या चित्रात जिनाच गायब. मग तिने साधं त्रिमितीय मॉडेल केलं, कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर, दीड मीटरवर ठेवला आणि ते करडं चित्र टूलला आधार म्हणून दिलं. आता भिंती जागच्या हलल्या नाहीत. लाकूड, फरशी, उजेड तेवढा टूलने भरला. तरी एका भिंतीत नसलेली खिडकी उगवलीच. (कोरी भिंत या टूल्सना बघवत नाही!)

क्लायंटसमोर तिने चित्राशेजारी नकाशा ठेवला. कॅमेऱ्याच्या जागी लाल टिंब, आणि त्या खिडकीवर फुली. "ही धरू नका, पलीकडे बाथरूम आहे."

बाईंनी टिंबावर बोट ठेवलं. "म्हणजे ओट्याशी उभी राहिले की पुढचं दार दिसेल?"

दिसत होतं. दुसऱ्या आर्किटेक्टची चित्रं जास्त देखणी होती, पण त्यांतलं कुठलं कुठून दिसतं हे त्यालाच सांगता येईना. काम हिला मिळालं.