मदत हवी आहे: एकच कॉलनी, टीएसआयच्या दोन नळ्या, दोन रंग

ताप असलेल्या रुग्णाच्या ब्लड कल्चरमधून मॅकाँकीवर फिकट, लॅक्टोज न आंबवणाऱ्या कॉलन्या आल्या. ऑक्सिडेज निगेटिव्ह. त्यातली एकच कॉलनी सरळ सुईने टीएसआयच्या दोन नळ्यांत बटमध्ये टोचली, स्लँटवर ओढली आणि ३७ अंशांवर ठेवली.

१८ तासांनी पाहिलं तर पहिल्या नळीत स्लँट लाल, बट पिवळा, आगर कुठेही फाटलेलं नाही, म्हणजे गॅस नाही. टोचल्याच्या रेषेवर, स्लँट आणि बट जुळतात तिथे, मिशीसारखी बारीक काळी रेघ. दुसऱ्या नळीतही गॅस नाही आणि तशीच रेघ, पण स्लँट पिवळाच! नीट पाहिल्यावर कळलं, तिचं झाकण घट्ट बसलं होतं.

माझा तर्क असा: टीएसआयमध्ये ग्लुकोज फक्त ०.१ टक्का, लॅक्टोज आणि सुक्रोज प्रत्येकी १ टक्का. थोडंसं ग्लुकोज संपलं की स्लँटवरचे जंतू हवेच्या साहाय्याने पेप्टोन वापरतात आणि अल्कली होऊन रंग परत लाल होतो. हवाच न मिळाल्याने दुसरा स्लँट पिवळा राहिला असावा. तो तसाच वाचला असता तर सुक्रोज आंबवणारा जंतू समजून चुकलो असतो.

दुसरी नळी बाद धरून सैल झाकणाने नव्याने लावली आहे. हे बरोबर ना? आणि इतकी बारीक काळी रेघ, गॅस नाही, यावरून साल्मोनेला टायफीकडे झुकावं का? युरिएज, सायट्रेट आणि मोटिलिटी लावली आहे. सीरम लावण्याआधी अजून काय बघता?