प्रार्थनेच्या व्हिडिओतले दोन चेहरे

नीता:
नमस्कार मंडळी. मराठी शाळेच्या प्रार्थनेचा ३ मिनिटं ४० सेकंदांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकायचाय. मुलं १४, त्यांतल्या दोघांच्या पालकांनी "चेहरा नको" असं लेखी कळवलंय. यूट्यूबच्या एडिटरमधून दोघांचे चेहरे धूसर केले, तरी मागच्या रांगेतल्या मुलीचा चेहरा मध्येच दोनदा स्वच्छ दिसतो. काय चुकतंय?

मिलिंद:
नीताताई, एवढी डोकेफोड कशाला? `Unlisted` ठेवा, शोधात येणारच नाही. मुलांसाठीचा व्हिडिओ म्हणून खूण करा, म्हणजे कमेंटही बंद. आणि हा आपला घरगुती मामला, कायदा कुठे आड येतो?

अर्चना:
गाण्याच्या हक्काचा दावा आलाय का? आमच्या आरतीच्या व्हिडिओवर आला होता, मागे सीडी लावली होती म्हणून. मुलांच्या आवाजात असेल तर सहसा येत नाही.

शिरीष:
अर्चना, दावा नाही, प्रश्न चेहऱ्यांचा आहे.

नीता, चूक तुमची नाही, प्रार्थनेची आहे म्हणा. ते साधन चेहरा ओळखून त्याचा माग काढतं. मुलीनं नमस्काराला मान खाली घातली की माग तुटतो आणि मान वर आली की तिला नवा चेहरा समजलं जातं. म्हणून निवडीच्या यादीत तीच मुलगी दोन-तीनदा असू शकते. तुम्ही एकाच चित्रावर खूण केली असणार. समोरून कोणी आरतीचं ताट घेऊन गेलं तरी हेच होतं.

पण प्रार्थनेत मुलं जागची हलत नाहीत, त्याचा फायदा घ्या. माग काढायच्या भानगडीत न पडता सुरुवातीपासून शेवटपर्यंत एका जागी राहणारा भरीव चौकोन ठेवा. रुंदीला चेहऱ्याच्या दुप्पट, खाली छातीपर्यंत, म्हणजे मूल डोललं, वाकलं तरी आतच राहील. कॅमेरा स्टँडवर असेल तरच हे जमतं. हातात धरून काढलेल्या व्हिडिओत चौकोन सरकतो. धूसरपेक्षा भरीव बरा, कारण हलक्या धूसरपणातून ओळखीची माणसं सहज ओळखतात. २०१६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी तर यूट्यूबने धूसर केलेले चेहरेही संगणकाला ओळखायला शिकवून दाखवले.

हे काम अपलोड करण्याआधी आपल्या संगणकावर करा. यूट्यूबवर बदल पूर्ण होईपर्यंत जुनाच व्हिडिओ दिसत राहतो, आणि त्याला तासन् तास लागू शकतात. संगणकावर `ffmpeg` हा व्हिडिओ बदलणारा प्रोग्राम घ्या आणि त्याला ही आज्ञा द्या:

```
ffmpeg -i in.mp4 -vf "drawbox=x=820:y=260:w=240:h=300:color=gray:t=fill" -af "volume=0:enable='between(t,61,64)'" -map_metadata -1 out.mp4
```

`x` आणि `y` म्हणजे चौकोनाचा वरचा डावा कोपरा, आकडे तुमच्या चित्रावरून घ्या. दुसऱ्या मुलासाठी पहिल्या `drawbox` नंतर स्वल्पविराम देऊन दुसरा लिहा. `volume` चा भाग ६१ ते ६४ सेकंदांतला आवाज बंद करतो. बाई नाव घेऊन मुलाला पुढे बोलावतात ती जागा शोधा. चेहरा झाकून नाव ऐकू आलं तर काय उपयोग! शेवटचा भाग फोनने फाइलमध्ये नोंदवलेलं ठिकाण वगैरे पुसतो.

तपासताना नुसतं बघून भागत नाही. सेकंदाला ३० चित्रं धरली तर तुमच्या व्हिडिओत ६६०० होतात, सगळी नको. जिथे मुलं वाकतात, वळतात, रांग मोडते, तिथे व्हीएलसीमध्ये `E` दाबत एकेक चित्र पुढे न्या. मागच्या काचेच्या तसबिरीतलं प्रतिबिंबही बघा, ते हमखास सुटतं. बाहेर दिसणारं छोटं चित्र शेवटी स्वतः निवडा.

मिलिंद, `Unlisted` म्हणजे दुवा ज्याच्या हाती त्याला दिसतो, आणि दुवा पुढे पाठवायला कोणाची परवानगी लागत नाही. कमेंट बंद झाल्याने चेहरा झाकला जात नाही. घरगुतीचं म्हणाल तर स्वीडनमध्ये चर्चच्या कामातल्या लिंडक्विस्ट बाईंनी सहकाऱ्यांची माहिती वेबपानावर टाकली होती. कोणालाही उघडता येणाऱ्या पानाला घरगुती सवलत मिळत नाही, असं युरोपीय न्यायालयाने २००३ साली सांगितलं. तो निकाल युरोपापुरता, पण तर्क सरळ आहे.

मिलिंद:
बरं, ते मान्य. पण १४ मुलांत दोन राखाडी चौकोन म्हणजे त्या दोघांकडेच बोट दाखवल्यासारखं नाही का?

शिरीष:
आहे खरं. म्हणून पुढच्या वेळी कॅमेरा मुलांच्या मागे ठेवा, समोर देव आणि जोडलेले हात दिसू देत. आत्ता मात्र पालकांना एकच विचारा: फक्त चेहरा नको, की मूल तिथे होतं हेही कळायला नको? कारण विचारू नका. उत्तर दुसरं असेल तर चौकोन पुरणार नाही. ती जागा चित्रातून कापावी लागेल, शाळेचं नाव, तारीखही काढावी लागेल.

नीता:
विचारते. आणखी एक गुंता आहे. उरलेल्या बारांपैकी एकाच्या वडिलांनी होकार दिलाय, आईने काल फोनवर नको म्हटलं.

शिरीष:
तिसरा चौकोन टाका. दोघांचं जमलं तर मूळ फाइल तुमच्याकडे आहेच.

मिलिंद:
म्हणजे एका फोनवर वडिलांचा लेखी होकार रद्द? हे मला पटत नाही.