मदत हवी आहे: टेंडरच्या स्पेसिफिकेशनवरून छोटा तक्ता कसा करायचा?

नमस्कार मंडळी, गावच्या पाणीपुरवठ्याच्या पाइपलाइनचं टेंडर भरायचंय, ४० पानी स्पेसिफिकेशन आहे आणि मला त्याचा एका पानाचा तक्ता हवाय, आयटम, युनिट, क्वांटिटी, रेट, रक्कम एवढंच, म्हणजे दोन सबकॉन्ट्रॅक्टरचे कोटेशन शेजारी शेजारी ठेवून बघता येतील.

अडचण खोदाईत आलीये. टेंडरमध्ये ती घनमीटरमध्ये आहे, चर १२०० मीटर लांब, ०.६ रुंद, ०.९ खोल, म्हणजे ६४८ घनमीटर. एकाने १९० रुपये घनमीटर दिलाय, दुसऱ्याने ११० रुपये रनिंग मीटर. वरवर ११० स्वस्त वाटतो पण एका मीटरमध्ये ०.५४ घनमीटरच माती निघते, म्हणून तो जवळपास २०४ रुपये घनमीटर पडतो! म्हणून सगळं टेंडरच्याच युनिटमध्ये आणून मगच रेट लिहायचा असं मी ठरवलंय.

खरी शंका पाइपची आहे. आयटममध्ये 'एचडीपीई पाइप पुरवणे, अंथरणे, जोडणे, टेस्टिंगसह' असं एकाच ओळीत आहे, पण पीई १०० आणि पीएन १० ही अट पार आत २३ व्या पानावर सापडली आणि एकाने पीएन ६ चा रेट धरलाय, टेस्टिंग तर कोटेशनमध्येच नाही. तक्त्यात ही अट आयटमच्या नावातच लिहू की 'रेटमध्ये काय धरलंय' असा वेगळा कॉलम करू? आणि टेस्टिंगचा खर्च अंदाजाने त्याच्या रेटमध्ये मिळवू की रकाना रिकामा ठेवून आधी त्याला विचारू? ज्यांनी असे तक्ते केलेत त्यांनी प्लीज सांगा, आठवड्याभरात भरायचंय.