शब्दचर्चा: डाएटिशियन आणि न्यूट्रिशनिस्ट, मराठीत दोघेही 'आहारतज्ज्ञ'च?

ऋता
मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराच्या रुग्णांसाठीची एक पुस्तिका मराठीत आणते आहे. त्यात एक वाक्य आहे: आहारात बदल करण्याआधी डाएटिशियनला भेटा, न्यूट्रिशनिस्ट किंवा फिटनेस ट्रेनरच्या सल्ल्यावर विसंबू नका. मी अनुक्रमे 'आहारतज्ज्ञ', 'पोषणतज्ज्ञ' आणि 'व्यायाम प्रशिक्षक' असं लिहिलं. तपासनिसांचा शेरा आला की पहिले दोन शब्द समानार्थी आहेत, एक गाळा. गाळला तर वाक्यात काही उरतच नाही. मराठीत हा भेद कसा दाखवायचा?

श्रीधर
भेद अगदी सरळ आहे. डाएटिशियन शिकलेला असतो, न्यूट्रिशनिस्टची पाटी कुणीही लावू शकतो. 'अधिकृत आहारतज्ज्ञ' आणि 'स्वयंघोषित आहारतज्ज्ञ' असं लिहा, वाचणाऱ्याला लगेच कळेल.

वैशाली
श्रीधरराव, हे अर्धंच खरं आहे. ब्रिटनमध्ये डाएटिशियन हे पदनाम कायद्याने राखीव आहे आणि न्यूट्रिशनिस्ट नाही, तिथे तुमचं म्हणणं लागू पडतं. पण ब्राझीलमध्ये 'नुत्रिसिओनिस्ता' हाच पदवी घेतलेला, कायद्याने मान्य व्यावसायिक आहे. तिथला कायदा १९९१चा. अमेरिकेत २०१३पासून नोंदणीकृत डाएटिशियनना आपल्या पदनामात 'न्यूट्रिशनिस्ट' जोडण्याची मुभा आहे. शिवाय पोषणशास्त्रात रीतसर पदवी घेऊन सार्वजनिक आरोग्यात किंवा संशोधनात काम करणारे कितीतरी न्यूट्रिशनिस्ट आहेत. त्यांना सरसकट 'स्वयंघोषित' म्हणणं अन्यायाचं होईल.

ऋता, भेद पाटीवर शोधू नका, कामात शोधा. आजारी माणसाचे रिपोर्ट आणि औषधं समोर ठेवून आहार ठरवायचं प्रशिक्षण रुग्णालयात घ्यावं लागतं. ते ज्याने घेतलंय तो तुमच्या वाक्यातला डाएटिशियन.

सई
म्हणजे प्रोटीन पावडरने किडनी खराब होते, असंच ना? मग जिममधल्या सगळ्यांनीच ती बंद करायला हवी.

वैशाली
नाही, सईताई, प्रश्न तो नाही. निरोगी मूत्रपिंडाच्या माणसाबद्दल इथे कुणीच बोलत नाही. ज्याचं मूत्रपिंड आधीच दुखावलंय त्याच्याबद्दल हे वाक्य आहे. एक उदाहरण घेऊ.

समजा रुग्णाचं वजन ७० किलो आहे आणि मूत्रपिंडाची रक्त गाळण्याची क्षमता दाखवणारा ईजीएफआर ४२, म्हणजे आजार तिसऱ्या टप्प्यात, अजून डायलिसिस नाही. स्नायू वाढवण्याच्या नेहमीच्या हिशेबाने ट्रेनर किलोमागे २ ग्रॅम प्रथिनं धरतो, म्हणजे दिवसाला १४० ग्रॅम. निरोगी, तरुण व्यायामपटूला हा आकडा चालून जातो. या रुग्णासाठी सर्वसाधारण शिफारस किलोमागे ०.८ ग्रॅमची आहे, म्हणजे ५६ ग्रॅम, आणि १.३च्या, म्हणजे ९१ ग्रॅमच्या, वर जाऊ नये असं सांगतात. ट्रेनर खोटं बोलत नाही, त्याचं गणित दुसऱ्याच माणसासाठी बेतलेलं असतं.

आता डाएटिशियन काय करते ते पाहा. अंगावर सूज असेल तर काट्यावरचं वजन ती तसंच धरत नाही, सुजेचं पाणी वजा करून हिशेब मांडते. रुग्ण प्रत्यक्षात काय खातो हे दोन-तीन दिवस लिहून आणायला सांगते. पोटॅशियम, फॉस्फरस, साखर आणि चालू औषधं बघते. आहार दिल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून आकडे हलवते. नुसता छापील तक्ता हातात ठेवून पाठवणी होत असेल, तर पाटीवर डाएटिशियन लिहिलेलं असूनही ते काम झालेलं नाही.

निनाद
यात शब्दांचाही एक सापळा आहे. क्रिएटीन आणि क्रिएटिनीन. दोन्ही मांस या अर्थाच्या ग्रीक 'क्रेआस'वरून आलेत आणि ऐकताना सहज गल्लत होते. पहिलं ट्रेनर सुचवतो ती पावडर, दुसरं रिपोर्टातला आकडा. पावडरीतल्या क्रिएटीनचं शरीरात थोडंथोडं क्रिएटिनीन होतं, त्यामुळे रक्तातला आकडा चढू शकतो आणि त्यावरून काढलेला ईजीएफआर पडलेला दिसतो. मूत्रपिंड होतं तिथेच असलं तरी डॉक्टरांना आजार वाढल्यासारखं वाटतं. म्हणून पावडर घेत असल्यास तपासणीआधी सांगायलाच हवं.

वैशाली
याची उलटी बाजूही आहे. घाबरून रुग्ण स्वतःच प्रथिनं ३० ग्रॅमवर आणतो. काही महिन्यांत स्नायू झडतात. क्रिएटिनीन स्नायूंतूनच येत असल्यामुळे तो आकडा खाली येतो आणि रुग्णाला वाटतं, बरं वाटायला लागलं. प्रत्यक्षात तो अशक्त झालेला असतो. जिना चढताना दम लागणं, हाताची पकड सैल होणं, कपडे दंडावर ढिले होणं या खुणा रिपोर्टात दिसत नाहीत, विचाराव्या लागतात.

पुरुषोत्तम
इतकी इंग्रजी नावं हवीत कशाला? मराठीत 'पथ्य' हा नेमका शब्द आहे. पाणिनीच्या सूत्रानुसार पथापासून न ढळलेलं ते पथ्य. रोग्यासाठी आहार ठरवणारा तो 'पथ्यतज्ज्ञ', निरोग्याला सांगणारा 'पोषणतज्ज्ञ'. ऋताताईंचा पेच सुटला.

निनाद
पुरुषोत्तमकाका, व्युत्पत्ती मान्य, पण आजच्या मराठीत पथ्य म्हटलं की माणूस 'काय बंद करायचं' एवढंच ऐकतो. मूत्रपिंडाच्या रुग्णाला हे महागात पडेल. डायलिसिस सुरू झालं की प्रथिनांची गरज वाढते, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम होते. तोच ७० किलोचा माणूस ५६वरून ७० ते ८४ ग्रॅमवर जायला हवा. 'पथ्य' ऐकून तो जुनंच तोडत राहील.

पुरुषोत्तम
लोकांनी अर्थ आखडला म्हणून शब्द टाकायचा? वापरत राहिलो तरच अर्थ पुन्हा रुंद होईल. 'डाएट' तरी कुठे शाबूत आहे! ग्रीक 'दिआइता' म्हणजे जगण्याची रीत. आज 'मी डाएटवर आहे' म्हणजे फक्त वजन उतरवणं.

श्रीधर
इन्सुलिन घेणाऱ्याने आधी कुणाकडे जावं, हे पुस्तिकेत येईल का? कित्येक मूत्रपिंडाच्या रुग्णांना मधुमेहही असतो.

वैशाली
यायलाच हवं. आधी डॉक्टर. पिष्टमय पदार्थ कमी केले आणि डोस तोच ठेवला तर साखर ७०च्या खाली घसरते, थरथर आणि घाम सुटतो, भानही हरपू शकतं. डोस बदलणं डॉक्टरांचं काम, घास बदलणं डाएटिशियनचं, आणि दोघांना एकमेकांचं लिहिलेलं दिसलं पाहिजे. ट्रेनरला व्यायामाची वेळ आणि ताण ठरवू द्या. चांगला ट्रेनर आजार कळताच डॉक्टरांची चिठ्ठी मागतो.

आणखी एक, कमी सोडियमचं मीठ. रक्तदाबासाठी म्हणून ते बऱ्याचदा सुचवलं जातं. त्यात बहुधा पोटॅशियम क्लोराइड असतं, आणि मूत्रपिंड मंदावलेल्या माणसाच्या रक्तात पोटॅशियम साठून हृदयाची लय बिघडू शकते. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी हा धोका वाढतो. हे मीठ सुचवण्याआधी शेवटचा पोटॅशियमचा रिपोर्ट जो मागत नाही, त्याचा सल्ला इथे घेऊ नये.

ऋता
मग वाक्य असं करू का: 'तुमचे रक्ताचे रिपोर्ट आणि औषधं पाहून आहार ठरवणाऱ्या डाएटिशियनला भेटा'? म्हणजे न्यूट्रिशनिस्टचं नावच घ्यायला नको.

निनाद
चांगलं आहे. 'डाएटिशियन' तसंच ठेवा, रुग्णालयाच्या दारावर रुग्णाला तोच शब्द दिसतो.

पुरुषोत्तम
दारावरचा शब्द बदलायला पुस्तिकेपासूनच सुरुवात होते. निदान 'पथ्याहार सल्लागार' एकदा तरी शेजारी छापा.

सई
'तज्ज्ञ' की 'तज्ञ'? वर सगळ्यांनी दोन ज लिहिलेत, आमच्याकडे एकच शिकवला होता.

पुरुषोत्तम
तत् अधिक ज्ञ, संधी होऊन तज्ज्ञ. एक ज गाळणं चूकच.

निनाद
उच्चारात दुसरा ज ऐकू येतो का, तेवढं सांगा.