मदत हवी आहे: रँडम आकड्यांवर हीप बांधायच्या दोन्ही पद्धती सारख्याच का दिसतात?

रंकाळा_काठ
नमस्कार. कोल्हापुरातच इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मॅक्स हीप दोन पद्धतींनी बांधून स्वॅप मोजले. पहिल्या पद्धतीत रिकाम्या हीपमध्ये एकेक आकडा इन्सर्ट केला. दुसरीत सगळे आकडे अ‍ॅरेत जसे होते तसे ठेवले आणि हे चालवलं:

```
for (int i = n/2 - 1; i >= 0; i--)
    siftDown(a, i, n);
```

वर्गात शिकवलं की पहिली n log n आणि दुसरी n. पण रँडम आकडे घेऊन n दुप्पट केला की दोन्हींचे स्वॅप जवळजवळ दुपटीनंच वाढतात. मग पहिली n log n कशी? आणि दुसरीतही n/2 वेळा siftDown होतोय, प्रत्येक log n पर्यंत खाली जाऊ शकतो, मग ती तरी n कशी? दोन दिवस यातच अडकलोय.

शाहूपुरीकर
भावा, सोपं आहे. निम्मे नोड पानं असतात, त्यांना हात लावायचा नाही. म्हणून काम निम्मं होतं.

काटा_पावती
आमच्याकडं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या ट्रॉल्यांची रांग हीपवर लावलीय. जी आधी आली ती आधी, म्हणून मिन हीप. इन्सर्टच करतो, कधी हळू वाटलं नाही. उगाच बदलू नकोस.

निवृत्त_मास्तर
शाहूपुरीकर, पानं सोडतो हे खरं, पण n log n चं निम्मं केलं तरी ते n log n च राहतं. खरी गोष्ट उरलेल्या निम्म्यात आहे. त्यातले बहुतेक नोड पानांच्या एकच पायरी वर असतात, त्यांना खाली जायला एकच पायरी असते. पन्हाळ्यावर पायथ्याला हजार माणसं आणि माथ्यावर चार असतील, तर पायथ्याच्यांना वर चढवायचं की माथ्यावरच्यांना खाली उतरवायचं? इन्सर्टमध्ये गर्दी चढते. तुझ्या लूपमध्ये लांबचं उतरणं मोजक्यांच्याच वाट्याला येतं.

कागदावर कर. १ ते १५ चढत्या क्रमानं इन्सर्ट कर. प्रत्येक नवा आकडा आधीच्या सगळ्यांपेक्षा मोठा, त्यामुळं तो थेट रूटपर्यंत जातो. दुसऱ्या लेव्हलचे २ आकडे १ पायरी, तिसरीचे ४ आकडे २, चौथीचे ८ आकडे ३. म्हणजे २ + ८ + २४ = ३४ स्वॅप. तेच आकडे तुझ्या लूपला दे: खालचे ४ नोड १ पायरी, वरचे २ नोड २, रूट ३. एकूण ११.

आता हे ११ कुठून आले ते बघ, बेरजेची मालिका नको. प्रत्येक नोडपासून एक वाट आख: पहिली पायरी उजवीकडं, मग पानापर्यंत डावीकडं. त्या नोडला जास्तीत जास्त जितकं खाली जावं लागेल तितकीच ही वाट लांब. आणि कुठल्याही दोन नोडांच्या वाटा एकाच फांदीवरून जात नाहीत. १५ नोडांच्या झाडात १४ फांद्या, डाव्या कडेच्या ३ कुणाच्याच वाटेवर नाहीत, उरल्या ११. फांद्या n पेक्षा कमी, म्हणून स्वॅपही n पेक्षा कमीच.

रंकाळा_काठ
सर, वाटा आखून बघितल्या, खरंच एकही फांदी दोनदा येत नाही. पण रँडमचं काय?

निवृत्त_मास्तर
तुझी मोजणी बरोबर आहे. रँडम क्रमात इन्सर्टचेही एकूण स्वॅप सरासरीनं n च्या प्रमाणातच वाढतात. हीपमधले बहुतेक आकडे तळाशी असतात, त्यामुळं साधारण आकाराचा नवा आकडा एकदोन पायऱ्यांतच थांबतो. n log n ही हमी वाईटात वाईट क्रमासाठी आहे. १९६४ साली विल्यम्स यांनी हीप मांडला तेव्हा बांधणी इन्सर्टनंच होती, खालून वर बांधायची रीत फ्लॉइड यांनी त्याच वर्षी दिली. दुसऱ्या रीतीत कसाही क्रम आला तरी हमी n चीच.

काटा_पावती, तुमचं हळू का होत नाही तेही यातच आहे. येण्याची वेळ वाढतच जाते आणि हीप मिन, म्हणून नवी ट्रॉली एका तुलनेत जागीच थांबते. शिवाय ट्रॉल्या एकेक करून येतात, सगळ्या आधी हातात नसतात, तिथं इन्सर्टच करावं लागतं. उद्या प्राधान्य वजनावर लावलंत तर हा हिशेब बदलेल.

काटा_पावती
वजनावर लावा म्हणून मागणी आलेलीच आहे. बघतो.

रंकाळा_काठ
चढत्या क्रमावर १०,४८,५७५ आकडे चालवले. इन्सर्टचे १,८८,७४,३७० स्वॅप, लूपचे १०,४८,५५५. अठरापट! पण घड्याळात लागलेला वेळ त्या मानानं फारच कमी पटीत वाढलाय. असं का?

शाहूपुरीकर
चढताना पायरीला एकच तुलना, उतरताना दोन. दोन्ही मुलांतलं मोठं आधी शोधावं लागतं ना.

निवृत्त_मास्तर
हे बरोबर आहे, पण त्यानं फार तर दुपटीचा हिशेब लागतो. बाकीचं मेमरी कशी वाचली जाते त्यावर असावं. आकडे उतरत्या क्रमानं देऊन वेळ मोज आणि इथं टाक, मग बोलू.