प्रतिसाद: इमिपेनेम चालत नाही, मेरोपेनेम चालते

«लातूरला वडिलांच्या पायाच्या जखमेतून स्युडोमोनास एरुजिनोसा आला. इमिपेनेमला रेझिस्टंट, मेरोपेनेमला सेन्सिटिव्ह. सेफ्ट्रायॅक्सोन तपासलेच नाही. अहवाल चुकला का?»

अहवाल चुकलेला वाटत नाही. सेफ्ट्रायॅक्सोन वगळले, कारण त्याला न जुमानणे हा या जिवाणूचा उपजत गुण आहे: बाह्य पटल मुळातच कमी झिरपणारे, आत शिरलेले औषध बाहेर फेकणारा मेक्सएबी-ओपीआरएम पंप, आणि अशी औषधे तोडणारे, गुणसूत्रावरचे अँपसी विकर.

इमिपेनेमचा प्रतिकार मात्र कमावलेला आहे, आणि तो बाहेरून जनुक न घेताही कमावता येतो. हे औषध मुख्यतः ओपीआरडी या छिद्रप्रथिनातून आत जाते, जे जिवाणूने लायसिन, आर्जिनिन अशा अमिनो आम्लांसाठी ठेवलेले असते. उत्परिवर्तनाने ते छिद्र गेले, की वाढ रोखण्यास लागणारी इमिपेनेमची मात्रा मिलिलिटरमागे १–२ मायक्रोग्रॅमवरून ८–३२ पर्यंत चढते. जे थोडे आत झिरपते, ते अँपसी निकामी करते. मेरोपेनेमचीही मात्रा वाढते, पण साधारण २–४ पर्यंतच, म्हणजे सेन्सिटिव्हच्या मर्यादेवर किंवा किंचित पलीकडे. इमिपेनेम-मेरोपेनेमसारखी औषधे तोडणारे कार्बापेनेमेझ विकर असते, तर बहुधा दोन्ही औषधे निकामी ठरली असती, असा माझा कयास आहे.

परभणीतल्या आमच्या प्रयोगशाळेत अशा वेळी मी केवळ 'सेन्सिटिव्ह' या शब्दावर न थांबता मेरोपेनेमचा आकडा पाहतो. वरचाच मेक्सएबी-ओपीआरएम पंप मेरोपेनेमला बाहेर फेकतो, इमिपेनेमला नाही. त्यामुळे उपचार चालू असताना पंपाचे उत्पादन वाढले, तर मेरोपेनेमही हातचे जाते. जखम आठवडाभरात सुधारली नाही, तर नमुना पुन्हा तपासायला द्यावा.