मदत हवी आहे: घड्याळाचा कोन आणि तारखेचा वार, दोन्ही चुकतंय

खानापूरकर
रविवारी पेपर आहे. सराव पेपरात कोन माझा 90 येतो, उत्तरात 100 दिलाय. वाराचं पण तसंच, मला शुक्रवार येतो, तिथं गुरुवार. छापायची चूक आहे काय? लवकर सांगा.

सुजाता_टिळकवाडी
वेळ किती? तारीख कुठली? हे न देता कोण कसं सांगणार?

खानापूरकर
सॉरी. 7:20 आणि 1 नोव्हेंबर 1956.

निपाणीचा_भाऊ
ही तारीख सीमाभागात कोण विसरंल! माझा तर पुढं जाणाऱ्या घड्याळाच्या गणितात गोंधळ होतो. दिवसाला 5 मिनिटं पुढं जात असंल तर...

चिकोडी_मास्तर
भाऊ, त्यासाठी वेगळा धागा काढा. खानापूरकर, तुम्ही 7 आणि 4 मध्ये तीन घरं मोजली, म्हणून 90. पण 20 मिनिटांत तास काटा 7 वर थांबत नाही. तो मिनिटाला अर्धा अंश सरकतो, म्हणजे 10 अंश पुढं गेला. तास गुणिले 30, त्यातून मिनिटं गुणिले साडेपाच वजा करा: 210 − 110 = 100. वजाबाकी उणे आली तर चिन्ह सोडा, 180 च्या वर गेली तर 360 मधून वजा करा.

सुजाता_टिळकवाडी
सूत्र परीक्षेत विसरतं हो. मी आकृती काढते.

चिकोडी_मास्तर
काढा की, पण तास काटा सरकवून काढा. खानापूरकर, वाराची मांडणी टाका.

खानापूरकर
1900 पर्यंत जादा दिवस 1. पुढं 55 वर्षं आणि 14 लीप, 69, उरले 6. ऑक्टोबरपर्यंत 25, उरले 4. तारखेचा 1. एकूण 12, उरले 5, शुक्रवार.

निपाणीचा_भाऊ
फेब्रुवारीचा 1 धरू नको, गुरुवार येतोय बघ. मी कायम असंच करतो.

चिकोडी_मास्तर
उत्तर जुळलं, पण रीत धोक्याची. 1955 अखेर लीप वर्षं 13च, 1904 ते 1952. खानापूरकरांनी 1956 चं लीप आधीच धरलं आणि फेब्रुवारीचे 29 दिवस परत मोजले. 13 धरा: 68, उरले 5. मग 1 + 5 + 4 + 1 = 11, उरले 4. रविवार शून्य, म्हणून गुरुवार. भाऊ, तुमच्या रीतीनं 26 जानेवारी 1956 काढा, शुक्रवार येईल. खरा वार गुरुवार, कारण जानेवारीत 29 फेब्रुवारी अजून आलेलीच नसते.

निपाणीचा_भाऊ
मार्चनंतर तर चालते की! जानेवारी-फेब्रुवारी कितीदा विचारतात?

सुजाता_टिळकवाडी
मला गेल्या वेळी 15 फेब्रुवारीच आली होती.

खानापूरकर
दोन्ही जमलं. पण पर्यायात 100 आणि 260 दोन्ही असले तर कुठला लिहायचा?